नवरीचा टचअपचा बटवा

लग्नाच्या मेकअपचं पॅकेज ठरवताना दर, साडी नेसवणं, केशरचना आणि ट्रायल एवढ्यावर बोलणं होतं आणि एक प्रश्न हमखास राहून जातो: तुम्ही किती वाजेपर्यंत थांबणार? लग्नसराईत पुष्कळ आर्टिस्ट मुहूर्ताचा लूक पूर्ण करून पुढच्या नवरीकडे निघतात आणि संध्याकाळी रिसेप्शनच्या लूकला परत येतात. दिवसभर थांबणाऱ्याही असतात, पण त्याचे पैसे वेगळे. म्हणजे अक्षता, होम, सप्तपदी, घास भरवणं आणि सगळे ग्रुप फोटो या मधल्या काळात चेहरा सांभाळायचा तो नवरीनं आणि तिच्या करवलीनं. त्यासाठी जो छोटा बटवा लागतो, तो विकत घेताना बहुतेक मुली मेकअपच्या दुकानात शिरून फाउंडेशनपासून सुरुवात करतात. खरं तर फाउंडेशन या बटव्यात लागतच नाही.

काय लागतं हे दुकानात नाही, त्या दिवसाच्या वेळापत्रकात कळतं. उदाहरणादाखल मे महिन्यातलं डोंबिवलीतलं एक लग्न घेऊ. मेकअप सकाळी सात ते नऊ. नऊला पिवळी अष्टपुत्री नेसून गौरीहराची पूजा. 12.35 चा मुहूर्त, त्याआधी शालू बदलायचा. अक्षता पडल्यावर दीड तास विधी, त्यात होम. अडीचला जेवण. मग पाहुण्यांचे आहेर, फोटो. पाचला आर्टिस्ट पुन्हा हजर. मधले आठ तास मोकळे. या आठ तासांत चेहऱ्यावर नेमकं काय बिघडणार? दमट हवेत कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट होणार, होमाच्या धुरानं डोळ्यांत पाणी येणार, जेवताना लिपस्टिक जाणार, नथीखाली घाम साचणार, टिकली सुटणार. यादी एवढीच आहे आणि बटवाही तेवढ्यासाठीच भरायचा.

आता ‘लाँग वेअर’ म्हणजे काय ते थोडं समजून घेतलं, तर पुढची निम्मी खरेदी आपोआप सुटते. दिवसभर टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये, लिक्विड लिपस्टिकमध्ये किंवा वॉटरप्रूफ मस्काऱ्यात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात: पटकन उडून जाणारा एक द्रव आणि मागे राहणारी राळेसारखी किंवा मेणाची सामग्री. वेष्टनावर आयसोडोडेकेन हा शब्द दिसला तर तो असा उडून जाणारा द्रव. मिनिटा-दोन मिनिटांत तो उडतो आणि त्वचेवर रंग धरून ठेवणारा पातळ थर उरतो. हा थर पाण्याला दाद देत नाही, म्हणून घामानं आणि आसवांनी तो लगेच वाहत नाही. तेलापुढे मात्र तो हार मानतो. ते तेल साजूक तुपाचं असो की तुमच्या स्वतःच्या नाकावर सुटलेलं. डबीवर छापलेले ‘16 तास’ किंवा ‘24 तास’ वरणभातावरचं तूप धरून मोजलेले नसतात.

दुसरी गोष्ट अशी की एकदा वाळलेल्या थरावर तोच माल पुन्हा चढवला तर तो नीट बसत नाही. पोपडे धरलेल्या भिंतीवर रंगाचा नवा हात दिल्यासारखं होतं. म्हणून टचअपचा क्रम ठरलेला आहे: आधी काढायचं, मग लावायचं. आणि बटव्यातल्या पहिल्या, सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उपयोगी वस्तू काढणाऱ्या आहेत, लावणाऱ्या नाहीत.

तेल टिपायला ब्लॉटिंग पेपर घ्यावेत, साध्या, पावडर न लावलेल्या कागदाचे. पुसायचं नाही. कागद कपाळावर ठेवून बोटानं दाबायचा आणि उचलायचा. नाकाच्या दोन्ही बाजूंना एक-एक, हनुवटीला एक. कागद पारदर्शक झाला की त्यानं आपलं काम केलं. ते मिळाले नाहीत तर चांगल्या प्रतीचा टिश्यू घेऊन त्याचे पदर सुटे करा आणि एकच पदर वापरा. जाड टिश्यू तेलाबरोबर मेकअपही उचलतो. हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर असतात ते खरखरीत पेपर नॅपकिन चेहऱ्याला लावूच नयेत, त्यांचे बारीक तंतू फाउंडेशनला चिकटून राहतात आणि ते क्लोजअपमध्ये दिसतात.

तेल टिपल्यानंतरच पावडर. ती सुटी नको, दाबलेली हवी. सुट्या पावडरची डबी शालूवर एकदा उलटली की तो डाग झटकताना अर्धा तास जातो. रंग अगदी फिका, पारदर्शक म्हणवणारा किंवा तुमच्या त्वचेच्या रंगाचा घ्यावा, आणि तिथे एक सापळा आहे. काही पावडरींमध्ये सिलिका भरपूर असते. आरशात त्या छान दिसतात, पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश त्यांच्यावरून उलटतो आणि फोटोत नाकाभोवती, डोळ्यांखाली पांढरे ठिपके उमटतात. सनस्क्रीनमधल्या झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचाही असा परिणाम होऊ शकतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. पावडर चेहऱ्याच्या एकाच बाजूला लावा, खोलीतले दिवे घालवा, आणि दोन हात अंतरावरून कुणाला तरी मोबाइलच्या फ्लॅशवर फोटो काढायला सांगा. दोन्ही गाल सारखे दिसले तर पावडर ठेवा. पावडर लावलेली बाजू राखेसारखी दिसली तर ती घरी वापरायला ठेवा, लग्नाला नको.

पावडर ब्रशने फिरवायची नाही, पफने दाबायची. पफ दुमडून त्याची कडा नाकपुडीच्या खोबणीत दाबली की पुरे. आणि दिवसभरात जेवढ्या वेळा तेल टिपाल तेवढ्या वेळा पावडर लावायचीच, असं नाही. चार थर बसले की नाकापासून ओठांपर्यंतच्या रेषेत पावडर साचते, हसलं की तिथे चिरा पडतात. चिरा दिसू लागल्या की ती खूण समजा: आता पावडर बंद. थोडा ओलसर स्पंज त्यावर हलके दाबला तर साचलेला थर बराचसा सपाट होतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात लग्न असेल तर मुळात पावडर कमीच लागेल, कारण तिथली हवा कोरडी. तिकडच्या नवरीनं बटव्यात ओठांसाठी बाम आणि हातात पाण्याची बाटली ठेवावी.

सेटिंग स्प्रेबद्दल दुकानात फार गोंधळ आहे. एकाच फळीवर गुलाबपाण्यासारखे ताजंतवानं करणारे फवारे असतात आणि खरे सेटिंग स्प्रेही असतात. गुलाबपाणी मेकअप धरून ठेवत नाही. धरून ठेवणाऱ्या स्प्रेमध्ये पीव्हीपी किंवा अ‍ॅक्रिलेट्स यांसारखी थर तयार करणारी द्रव्यं असतात आणि बऱ्याचदा अल्कोहोल. घटकांच्या यादीत ती दिसली पाहिजेत. लहान बाटली पुरे. सकाळी आर्टिस्ट तो मारेलच. तुम्ही तो दुपारी एकदा, तेल टिपून आणि पावडर दाबून झाल्यावर मारायचा, चेहऱ्यापासून हातभर लांबून, डोळे मिटून, आणि आपोआप वाळू द्यायचा. तेल सुटलेल्या चेहऱ्यावर मारला तर तेल आत बंद होतं, एवढंच. अल्कोहोलनं चेहरा चुरचुरणाऱ्यांनी तो सोडून दिला तरी बिघडत नाही.

ओठांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण सगळ्यात आधी तेच बिघडतात. लिक्विड मॅट लिपस्टिक चहा पिताना, पाणी पिताना उत्तम राहते. मग पंगत बसते, नाव घेऊन घास भरवला जातो, जिलबी येते, वरणभातावर तूप येतं. तुपानं थर आतल्या बाजूने सुटतो आणि ओठाच्या मध्ये फिकट चट्टा आणि कडेला गडद रेघ असं चित्र उरतं. त्यावर तीच लिपस्टिक लावली की गोळे होतात. मग तेलाचा थेंब लावून सगळी पुसून, ओठ कोरडे करून, नव्यानं लावावी लागते. स्वयंपाकघर आणि फोटोग्राफर यांच्यामध्ये उभं राहून हे होत नाही.

म्हणून दिवसाच्या लूकसाठी माझं मत स्पष्ट आहे: लिक्विड नको, कांडीची मॅट लिपस्टिक आणि त्याच छटेचा लिप लायनर. सकाळी लायनर फक्त कडेला न फिरवता पूर्ण ओठावर भरायचा, त्यावर लिपस्टिकचा एक हात, टिश्यूचा एक पदर दाबायचा, पुन्हा एक हात. लिपस्टिक गेली तरी खाली लायनरचा रंग राहतो, त्यामुळे ओठ उघडे पडत नाहीत. जेवणानंतर ओठ टिश्यूनं नीट टिपले, लायनरनं रिकाम्या जागा भरल्या आणि लिपस्टिक फिरवली की दोन मिनिटांत काम होतं. रिसेप्शनला लिक्विड लावायची तर खुशाल लावा, तेव्हा आर्टिस्ट शेजारी असतो.

लिपस्टिकची छटा मात्र तुम्ही निवडायची नाही, आर्टिस्टकडून घ्यायची. ट्रायलच्या दिवशी ओठांवर लावलेल्या लायनरचं आणि लिपस्टिकचं नाव आणि नंबर विचारा, फोटो काढून ठेवा. आर्टिस्ट दोन-तीन लिपस्टिक मिसळून रंग करत असेल, आणि पुष्कळ जण करतात, तर दुकानात ती छटा मिळणारच नाही. अशा वेळी एक छोटी स्वच्छ डबी आणि लिप ब्रश पुढे करा आणि लग्नाच्या सकाळी त्यात थोडा रंग काढून घ्या. बहुतेक जण आनंदानं देतात.

आणि नथ. मोत्यांची चापाची नथ नाकावर दाबून बसते, तिच्याखाली घाम साचतो आणि तिथलं फाउंडेशन सरकतं. खाली लोंबणारे मोती वरच्या ओठाला लागून लाल होतात, मग तोच लाल रंग गालाला लागतो. जेवताना नथ काढून ठेवणं सगळ्यात सोपं. ती काढल्यावर नाकावर दिसणारा चापाचा ठसा टिश्यूनं टिपायचा, कन्सीलरचा तिळाएवढा ठिपका बोटानं दाबायचा, त्यावर पावडर, मिनिटभर थांबायचं आणि मगच नथ परत घालायची. मोती कापसाच्या कोरड्या काडीनं पुसून घ्यायचे.

कन्सीलर एवढ्याच कामासाठी घ्यायचा, लहानात लहान ट्यूबमध्ये. छटा जुळवताना हळद लागण्याआधीची जबड्याची कडा बघा, दिवसाच्या उजेडात, लावून दहा-पंधरा मिनिटं थांबून. काही कन्सीलर हवेनं थोडे गडद होतात. आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी छटा बघायला जाऊच नका, चेहऱ्यावर पिवळी झाक असते. हळदीतला कर्क्युमिन तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, शिवाय साबणासारख्या अल्कधर्मी वस्तूनं तो तांबूस होतो. म्हणून हळद उतरवताना आधी तेल किंवा क्लिन्झिंग मिल्क, नंतर सौम्य फेसवॉश. आदल्या रात्री स्क्रब घासत बसू नये, दुसऱ्या दिवशी लाल झालेल्या त्वचेवर काहीच टिकत नाही.

डोळ्यांना फार काही घ्यायला नको. टोकदार कापसाच्या काड्या, बस. होमाच्या धुरानं पाणी आलं की चोळायचं नाही. टिश्यूचा कोपरा दुमडून खालच्या पापणीच्या आत टेकवायचा, वर बघायचं, पाणी कागदाला शोषू द्यायचं. पसरलेला मस्कारा ओला असताना पुसू नका, वाळू द्या, मग कोरड्या काडीनं उचला. ओला पुसला तर तो गालभर होतो. डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ दुपारी पुन्हा भरू नये, तिथे सतत ओल असते आणि ते खालीच उतरतं. नकली पापण्या लावल्या असतील तर त्याच गोंदाची छोटी ट्यूब ठेवा. अनेक गोंदांत लॅटेक्स असतं, लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लॅटेक्स-फ्री गोंद आधीच आर्टिस्टला आणून द्यावा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्या मेकअपच्या आधी घालायच्या.

टिकलीचं पाकीट ठेवायचंच. मात्र चंद्रकोर घेताना लग्नासाठी म्हणून अनोळखी स्वस्त पाकीट घेऊ नये. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल फिनॉल असतं आणि त्यानं कपाळावर पांढरा डाग पडल्याची उदाहरणं भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. पूर्वी वापरून त्रास न झालेलीच टिकली घ्या. खाज आली तर ती तिथल्या तिथे काढायची, मुहूर्त असला तरी. सुटलेली टिकली पुन्हा लावताना ती जागा टिश्यूनं कोरडी करा, पावडरीवर गोंद धरत नाही.

बाकी किरकोळ: सेफ्टी पिना, केसाचे काळे आकडे, छोटा आरसा. मुंडावळ्यांचा दोरा सैल झाला की आकडे लागतातच.

वर धरलेल्या लग्नासाठी हिशेब मांडला तर साधारण असा होतो. ब्लॉटिंग पेपर दीडशे-दोनशे, दाबलेली पावडर पफसकट चारशे, कांडीची लिपस्टिक पाचशे आणि लायनर अडीचशे, लहान कन्सीलर चारशे, छोटा स्प्रे चारशे, पापण्यांचा गोंद दीडशे, टिश्यू, काड्या, टिकल्या आणि पिना मिळून दोनशे. अडीच हजारांच्या आसपास. ब्रँडनुसार आकडा वर-खाली होईल, पण तुमचा हिशेब पाच-सहा हजारांवर गेला तर यादीत फाउंडेशन, ब्लश, हायलायटर, पॅलेट शिरलेलं आहे असं समजा. ते बाजूला काढा. त्या दुपारी ते उघडायला वेळच मिळणार नाही.

खरेदीचा क्रम ट्रायलवर अवलंबून आहे. ट्रायल लग्नाच्या सहा आठवडे आधी घ्या, खरेदी त्यानंतर. आणलेली प्रत्येक नवी वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या मालात नकली माल असतो, म्हणून खोक्यावर बॅच नंबर, वापरण्याची अंतिम तारीख, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का ते वाचा. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक असतो. ताईच्या लग्नातला उरलेला मस्कारा घ्यायचा मोह आवरा. डबीवर उघड्या बरणीच्या चित्रात 6M किंवा 12M असं लिहिलेलं असतं, तेवढे महिने ती वस्तू उघडल्यापासून चालते.

लग्नाच्या दोनेक आठवडे आधी एक रंगीत तालीम करा, अर्थात साडीशिवाय. घरचाच साधा मेकअप करा, नथ घाला, पंखा बंद करून स्वयंपाकघरात थांबा, तूप घालून भात जेवा आणि बटव्यातल्या वस्तूंनी चेहरा सावरा. हातात मेंदी नाही, हिरव्या बांगड्यांचे भरगच्च चुडे नाहीत, तरी किती वेळ लागतो ते बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर बटवा जड झालाय, एक-दोन वस्तू कमी करा.

तालमीला करवलीला बसवा, कारण त्या दिवशी काम तिलाच करायचंय. नवरीचे हात अक्षतांत, होमात आणि नमस्कारांत असतात. करवलीला तीन वेळा नक्की करून द्या: शालू नेसून झाल्यावर, होम संपल्यावर, जेवणानंतर. त्याखेरीज दर दहा मिनिटांनी येऊन ‘ताई, नाक चमकतंय’ म्हणायची तिला गरज नाही. थोडी चमक फोटोत चालते, साचलेली पावडर चालत नाही. हे फोटोग्राफरला विचारलंत तर तोही हेच सांगेल.

आणि बटव्यात नसलेली, पण विसरायची नाही अशी एक वस्तू. दिवसभर टिकणारा मेकअप पाण्यानं आणि फेसवॉशनं निघत नाही, तो तेलानं निघतो. क्लिन्झिंग बाम किंवा मेकअप काढायचं तेल, आणि तेही नसेल तर खोबरेल तेल चालतं, फक्त ज्यांना मुरमं येतात त्यांनी ते नंतर फेसवॉशनं नीट धुवावं. पापण्यांच्या गोंदावर तेलात भिजवलेला कापूस मिनिटभर ठेवून मगच त्या सोडवाव्यात, ओढू नयेत. रात्री अकरा-बारा वाजता सासरी अनोळखी कपाटात ही बाटली शोधायला लागू नये, म्हणून ती सासरी जाणाऱ्या बॅगेत अगदी वर ठेवा, कापसासकट.